नाशिकहून ऐरोली: 12 लाखांच्या पॅकेजमध्ये खरंच किती वाढ आहे?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. नाशिकला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सीटीसी 7 लाख 80 हजार, हातात साधारण 60 हजार येतात. घर वडिलांचं, त्यामुळे भाडं नाही. बायको घरी शिकवण्या घेते, त्याचे महिना 9 हजार. मुलगी पहिलीत. सगळं जाऊन महिन्याला 15 हजार मागे पडतात.

आता ऐरोली स्टेशनजवळच्या आयटी पार्कमधल्या कंपनीकडून 12 लाखांची ऑफर आली आहे. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रुजू व्हायचंय. एजंटांनी वन बीएचकेचं भाडं ऐरोलीच्या सेक्टरमध्ये 24 हजार, घणसोलीत 18 हजार आणि डोंबिवलीत 12 हजार सांगितलं. माझा हिशोब असा: महिन्याला एक लाख येणार, म्हणजे 40 हजार वाढ. त्यातून भाडं गेलं तरी बरंच उरतं. बरोबर आहे ना? घर कुठे बघू?

वाशीकर
अभिनंदन! ऐरोलीच घ्या. ऑफिसला चालत जाता आलं की बाकी सगळं सोसतं.

मोरपीस
ऐरोलीत घर घेताना एक नक्की बघा, बहुतेक जमीन सिडकोची भाडेपट्ट्याची आहे. जुनं घर विकत घेताना सिडकोचं हस्तांतरण शुल्क कोण भरणार ते आधीच ठरवा. विकणारे ते शेवटी घेणाऱ्याच्या गळ्यात टाकतात.

वाशीकर
मोरपीस, ते भाड्याचं विचारताहेत हो.

ताळेबंद
गोदाकाठ, घर नंतर बघू. आधी 12 लाख भागिले 12 हा हिशोब सोडा. ऑफर लेटरच्या शेवटी एक तक्ता असतो, तो ओळीओळीने इथे द्या. व्हेरिएबल किती, बेसिक किती, पीएफ पूर्ण बेसिकवर आहे की 1,800 वर, ग्रॅच्युइटी सीटीसीत धरली आहे का? एवढं कळल्याशिवाय कोणीही सांगितलेला आकडा अंदाजच आहे.

गोदाकाठ
तक्ता असा आहे. व्हेरिएबल वर्षाला 1,20,000. बेसिक महिना 45,000. कंपनीचा पीएफ वर्षाला 64,800. ग्रॅच्युइटी साधारण 26,000. ग्रुप विमा 9,200. उरलेलं एचआरए आणि स्पेशल अलाउन्स.

ताळेबंद
मग मांडू या.

12 लाखांतून व्हेरिएबलचे 1 लाख 20 हजार बाजूला काढा. ते बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदा मिळतात, तेही कंपनीचा आणि तुमचा निकाल बघून. उरले 10 लाख 80 हजार. त्यातून कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विमा मिळून बरोबर एक लाख जातात. हे पैसे सीटीसीत दिसतात, पण पगाराच्या स्लिपवर तुम्हाला मिळत नाहीत. उरले 9 लाख 80 हजार, म्हणजे महिन्याला 81,667. यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 5,400 आणि व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300) कापला जाईल. हातात येतील सुमारे 76,000.

आयकर मात्र शून्य. नव्या करपद्धतीत 75 हजारांची प्रमाणित वजावट धरून 12 लाख 75 हजारांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तरी तुम्ही 11 लाखांवर आहात.

थोडक्यात, हातातली वाढ 40 हजार नाही, 16 हजार आहे. आणि ऐरोलीचं भाडं 24 हजार.

गोदाकाठ
हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. आमच्या एचआरनेसुद्धा फोनवर "महिन्याला एक लाख" असंच म्हटलं होतं.

कोपरखैरणे_19
एवढं घाबरू नका. भाडं भरताय म्हणजे एचआरएची सूट मिळणार. मुंबईत बेसिकच्या 50 टक्के मिळते. भाडेपावत्या जपून ठेवा, घरमालकाचा पॅन घ्या. त्यात बराच कर वाचतो.

ताळेबंद
पावत्या आणि पॅन जपून ठेवायचा सल्ला योग्य आहे. पण एचआरएची सूट फक्त जुन्या करपद्धतीत आहे, नव्यात नाही. जुन्यातही नवी मुंबईला 40 टक्क्यांचीच मर्यादा लागते, 50 टक्के मुंबईपुरते. आणि यांच्या बाबतीत मुळात कर शून्य आहे, त्यामुळे वाचवायला काही उरतच नाही. सूट म्हणजे भाड्याचे पैसे परत मिळतात, अशी समजूत मी बऱ्याच जणांची पाहिली आहे. तसं नसतं.

कोपरखैरणे_19
हे मान्य. मी जुन्या पद्धतीत आहे म्हणून तेच डोक्यात होतं. मग पीएफ 1,800 वर आणायला सांगा की. तिथे सरळ पैसे सुटतात.

ताळेबंद
हा मुद्दा कामाचा आहे. कंपनी परवानगी देत असेल तर तुमचा हिस्सा 3,600 ने कमी होतो आणि कंपनीच्या हिश्शाचे 3,600 स्पेशल अलाउन्समध्ये येतात. मिळून 7,200 हातात वाढतात आणि त्यानंतरही तुम्ही 12 लाख 75 हजारांच्या आतच राहता. पण हे रुजू होतानाच लेखी ठरवावं लागतं, नंतर बहुतेक कंपन्या बदलू देत नाहीत.

मला स्वतःला हे पटत नाही, कारण आज तुमच्या पीएफमध्ये दोन्ही हिस्से मिळून महिना 3,600 जात असतील, तिथे 10,800 जातील. ती बचतच आहे, फक्त लगेच हाताशी येत नाही. म्हणून तुलना करताना दोन रकाने ठेवा: एक हातातला, एक पीएफचा. दोन्ही एकत्र केले की माणूस फसतो.

शुभदा_घणसोली
सगळे भाड्यावर बोलताहेत. वहिनींचे 9 हजार कोणी धरलेच नाहीत. नाशिकच्या शिकवण्या इथे ट्रकमध्ये घालून आणता येत नाहीत. नव्या सोसायटीत ओळखी होऊन मुलं यायला निदान एक शैक्षणिक वर्ष लागतं, आणि वन बीएचकेमध्ये हॉलमध्ये वर्ग घ्यायचा तर घरमालकाला आधी विचारावं लागतं. काही सोसायट्या हरकत घेतात.

ताळेबंद
शुभदाताई, अगदी बरोबर. मी फक्त पगाराचा कागद बघत होतो. मग सगळं कुटुंब घणसोलीला आलं तर काय होतं ते बघू. जे खर्च दोन्हीकडे सारखे आहेत ते धरायचेच नाहीत, फक्त फरक धरायचा. गोदाकाठ, शाळेची फी, किराणा-दूध-कामवाली यांतला फरक आणि नाशिकच्या फेऱ्या, एवढं सांगा.

गोदाकाठ
शाळा: नाशिकला वर्षाला 32 हजार, इथे चौकशी केली तिथे 60 हजार, शिवाय प्रवेशाचे एकदाच 20 हजार. किराणा, दूध, भाजी, कामवाली मिळून 3 हजार जास्त धरतो (आईच्या हाताखाली चाललेलं घर आहे, इथे सगळं विकत). महिन्यातून एकदा तिघांची नाशिक फेरी, 2 हजार. मला घणसोलीहून ऐरोलीला जायला रिक्षा-लोकल मिळून 700.

ताळेबंद
भाडं 18,000, बुडालेल्या शिकवण्या 9,000, शाळेचा फरक महिना सुमारे 2,300, घरखर्च 3,000, नाशिक 2,000, प्रवास 700. बेरीज 35,000. हातातली वाढ 16,000. फरक 19,000 उणे. आज तुमचे 15 हजार मागे पडतात, तिथे महिन्याला 4 हजार कमी पडतील. पीएफ 1,800 वर आणला तर 3 हजार उरतील, पण ती पीएफमधून काढून आणलेलीच बचत झाली.

यात शाळेच्या प्रवेशाचे 20 हजार आणि सामान हलवण्याचा खर्च नाही. व्हेरिएबलही धरलेलं नाही, ते मिळालं तर बोनस समजा.

पारसिक
डोंबिवलीला रहा, 6 हजार लगेच वाचतात.

शुभदा_घणसोली
वाचतात, पण रोज ठाण्याला गाडी बदलावी लागते. डोंबिवलीहून थेट ऐरोलीला लोकल नाही. ठाण्याला उतरून पूल चढून 9-10 नंबरच्या फलाटावर जायचं आणि ट्रान्स हार्बर पकडायची. सकाळी डोंबिवलीला जलद गाडीत चढणं हेच एक काम आहे. दोन्ही वेळचं मिळून अडीच तास धरा. पास स्वस्त आहे हे खरं, पण ज्या दिवशी गाड्या उशिरा असतात त्या दिवशी ठाण्याहून ऐरोलीपर्यंत रिक्षा करावी लागते आणि महिन्यातून चार वेळा असं झालं की वाचवलेल्या पैशाला गळती लागते.

पारसिक
रोज लाखो लोक करतात ताई. सवय होते. कळव्याचा विचार करा मग. विटाव्यावरून शेअर रिक्षाने ऐरोली जवळ आहे.

शुभदा_घणसोली
कळवा चांगला पर्याय आहे, नाकारत नाही. फक्त पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं आणि तो रस्ता बंद पडतो. त्या दिवशी फिरून लोकलनेच यावं लागतं.

रानजाई
मी खारघरला भाड्याने राहते. भाडं परवडलं म्हणून घेतलं, पण एप्रिल-मेमध्ये आमच्या सेक्टरला पाणी कमी दाबाने येतं आणि सोसायटी टँकर मागवते. मालक म्हणाला मेंटेनन्स माझ्याकडे, टँकर तुमच्याकडे. ॲग्रीमेंटमध्ये नुसतं "मेंटेनन्स मालक भरेल" असं होतं. तर "टँकरचा खर्चही" हे शब्द घालून घ्या.

मोरपीस
हे नवी मुंबईत सगळीकडे सारखं नाही. ऐरोली-घणसोली नवी मुंबई महापालिकेत येतात, त्यांचं मोरबे धरण आहे. खारघर पनवेल महापालिकेत आहे आणि तिथे पाणी सिडको पुरवते. त्यामुळे खारघरच्या अनुभवावरून घणसोलीचा अंदाज बांधू नका.

नाशिकचा_मुसाफिर
पंचवटीने रोज ये-जा का नाही करत? पासवाले वर्षानुवर्षं करतात. घर सोडायचा प्रश्नच येत नाही.

गोदाकाठ
विचार केला होता. नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास गाडी, ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बर, खुर्चीत बसेपर्यंत अकरा. संध्याकाळी परतीची पंचवटी गाठायची तर सहालाच उठावं लागणार. कंपनी नऊ तास मागते. बसत नाही.

ताळेबंद
मग तिसरा रस्ता बघा. पहिले सहा-सात महिने एकट्यानेच या. शेअरिंग फ्लॅटमध्ये तुमचा वाटा 9,000, दोन वेळचा डबा 4,500, चहा-नाश्ता 1,500, दर आठवड्याला नाशिक धरून महिन्याचे 2,800. हे 17,800. नाशिकला तुमच्या जेवणाखाण्याचे तीनेक हजार कमी होतील, म्हणजे जास्तीचा खर्च साधारण 15,000. वाढ 16,000. शिकवण्या चालू, शाळा चालू, पीएफमध्ये 7,200 जास्त. डोकं वर राहतं.

दुसरं म्हणजे सप्टेंबरात शाळा बदलली तर उरलेल्या वर्षाची फी आणि प्रवेशशुल्क दोन्ही जातात, इकडची भरलेली फी तर परत येत नाहीच. सीबीएसईचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, राज्य मंडळाचं जूनला. तोवर तुमचा प्रोबेशनही संपलेला असेल. नोकरी पक्की नसताना लाखभर डिपॉझिट अडकवून घर मांडणं मला धोक्याचं वाटतं.

शुभदा_घणसोली
पैशाच्या दृष्टीने ठीक. पण पहिलीतली मुलगी आणि बाबा सहा महिने फक्त शनिवार-रविवार, याचा रकाना कुठे आहे? मी असती तर 4 हजारांची तूट सोसून एकत्र राहिले असते.

ताळेबंद
त्याचा रकाना माझ्याकडे नाही, ताई. तो त्यांनी दोघांनी मिळून ठरवायचा.

कोपरखैरणे_19
कुटुंब आणलंच तर पहिल्या महिन्याचा रोख खर्च मी लिहितो, कारण इथे लोक अडकतात. 18 हजारांच्या घराला डिपॉझिट साधारण 75 हजार ते एक लाख. दलाली एका महिन्याचं भाडं. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. सामानाचा टेम्पो पॅकिंगसह 15-20 हजार. पंखे, गीझर, पडदे, खिडकीची जाळी यात पाचेक हजार सहज जातात. एकूण एक लाख तीस ते एक लाख साठ हजार.

ॲग्रीमेंटच्या नावाखाली एजंट मनाला येईल ते सांगतात. खरा हिशोब असा: मुद्रांक शुल्क 11 महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. 18 हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट असेल तर ते जेमतेम 520 रुपये होतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. बाकी जे मागतात तो घरी येऊन अंगठे घेण्याचा मेहनताना. त्यामुळे कोणी सात-आठ हजार मागितले तर फोड विचारा.

ताळेबंद
त्यात एक जोडतो. शक्य असेल तर 11 ऐवजी 22 किंवा 33 महिन्यांचं करा, वाढ दरवर्षी 5 टक्के अशी आधीच लिहून. दर 11 महिन्यांनी घर बदलायचं ठरलं तर 18 हजार दलाली म्हणजे महिन्याला 1,600 भाडंच वाढलं. लॉक-इन मात्र सहा महिन्यांपेक्षा जास्त घेऊ नका, नोकरी बदलली तर तेवढ्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून जातं.

आणि पगाराची तारीख विचारा. बऱ्याच कंपन्यांचा पेरोल वीस तारखेच्या आसपास बंद होतो. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात रुजू होणार. तारीख हुकली तर सप्टेंबरचे दिवस ऑक्टोबरच्या पगारात मिळतील. मधले पाच-सहा आठवडे हातचे पैसे लागतील.

रानजाई
घर बघायला सकाळी जा, पाणी येण्याच्या वेळी. नळ सोडून बघाच, पण बेडरूमच्या भिंतीतली कपाटं उघडा, विशेषतः बाथरूमला लागून असलेली. आतल्या कोपऱ्यात बोट फिरवा. रंग पापडासारखा सुटत असेल किंवा पांढरी भुकटी बोटाला लागत असेल तर पावसाळ्यात तिथे कपडे ठेवता येणार नाहीत. बाहेरच्या भिंतीला सगळीकडे जुना रंग आणि एकाच चौकोनात नवा दिसला तर तिथे काय झालं होतं ते मालकाला विचारा.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल एचआरशी बोललो. व्हेरिएबल फिक्समध्ये घालायला नाही म्हणाले. पण 75 हजार जॉइनिंग बोनस देतो म्हणाले, एका वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. पीएफ 1,800 वर ठेवायची मुभा आहे. बायको म्हणते एप्रिलपर्यंत तू एकटा जा. आई म्हणते सगळे जा किंवा कोणीच जाऊ नका. बोनस घ्यावा का?

ताळेबंद
घ्या, पण वर्षभर त्याला हात लावू नका. पत्रात "पूर्ण रक्कम" परत करायची की सोडेपर्यंतच्या महिन्यांच्या प्रमाणात, ते बघा. प्रमाणात करून मागा, बहुतेक वेळा देतात. आणखी एक मागून बघा: सामान हलवण्याचा खर्च बिलांवर परत. एचआरच्या लेखी हे वेगळं खातं असतं, त्यामुळे पगार न वाढवणारे लोक हे मान्य करतात. एप्रिलपर्यंत वापरता येईल असं मात्र लेखी घ्या, नाहीतर रुजू झाल्यापासून 30-60 दिवसांची मुदत असते.

शुभदा_घणसोली
व्हेरिएबल पहिल्या वर्षी तरी खात्रीचं द्या, असंही विचारा. आणि आईंचं म्हणणं सोडून देऊ नका.

गोदाकाठ
दोन्ही आज ईमेलवर विचारतो. एकट्याने यायचं ठरलं तर घणसोलीत घरोंदाजवळ एका फ्लॅटमध्ये जागा आहे, तिघे आधीच राहतात. त्यात काय बघू?

कोपरखैरणे_19
ॲग्रीमेंटमध्ये तुमचं नाव आहे का, ते. नसेल तर जुना मुलगा सोडून जाताना तुमच्याकडून डिपॉझिट घेतो आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. मालकाशी फोनवर बोला, तुमचा डिपॉझिटचा वाटा त्याच्या खात्यावर पाठवा किंवा तो मिळाल्याचा त्याचा मेसेज घ्या. पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती ऑनलाइन देतात, त्यातही चौथं नाव घालायला सांगा. आणि महावितरणचं मागचं बिल मागा. थकबाकी दिसेल आणि आधीच्या महिन्यांचे युनिटही छापलेले असतात. उन्हाळ्यातला आकडा बघा, म्हणजे एसी किती जण लावतात आणि तुमच्या वाट्याला किती येईल ते कळेल.